‘णार आहे’ एकच, इंग्रजी रूपे तीन : ‘बी अबाउट टु’, ‘बी ड्यू टु’ आणि ‘बी टु’



भविष्यकाळ म्हटला की आपली मुलं ‘विल’ किंवा ‘गोइंग टु’ लिहून मोकळी होतात. लिहिताना त्यानं बहुतेक वेळा भागतंही. अडचण येते ती वाचताना. परीक्षेच्या सूचनापत्रात असं वाक्य असतं : ‘कँडिडेट्स आर टु रिपोर्ट बाय नाइन थर्टी.’ मूल त्याचा अर्थ लावतं, ‘उमेदवार साडेनऊपर्यंत येणार आहेत.’ प्रत्यक्षात तिथे म्हटलंय, ‘उमेदवारांनी साडेनऊपर्यंत हजर व्हायचे आहे.’ पहिली नुसती माहिती, दुसरा हुकूम. नऊ पस्तीसला केंद्राच्या दारात उभं राहिल्यावर हा फरक कळून उपयोग नसतो.

हा गोंधळ का होतो? मराठीत ‘णार आहे’ सगळीकडे चालतं. पाहुणे येणार आहेत, गाडी येणार आहे, निकाल लागणार आहे. औपचारिक इंग्रजी मात्र इथे तीन वेगळी रूपं वापरतं. ती ओळखायला मुलांना एकच प्रश्न विचारायला लावा : ‘हे होणार’ असं आपण कशाच्या आधारावर म्हणतोय? क्षण अगदी जवळ आलाय म्हणून, वेळापत्रकात लिहिलंय म्हणून, की कुणीतरी अधिकारानं ठरवलंय म्हणून?

१. बी अबाउट टु : क्षण जवळ आलाय

‘द सेरेमनी इज अबाउट टु बिगिन.’ म्हणजे समारंभ सुरू होण्याच्या बेतात आहे, आता एवढ्यात सुरू होईल. ‘एवढ्यात’ हा अर्थ या रूपातच असल्यामुळे पुढे ठरावीक वेळ लावत नाहीत. ‘द सेरेमनी इज अबाउट टु बिगिन टुमॉरो’ हे चूक, आणि ‘ॲट फाइव्ह ओक्लॉक’ जोडणंही खटकतं.

यातूनच आणखी एक गोष्ट कळते. हे रूप माइकवरून बोलल्या जाणाऱ्या घोषणेत शोभतं, सूचनाफलकावर नाही. फलक कुणी आज वाचेल, कुणी परवा. मग ‘एवढ्यात’ म्हणजे नक्की कधी?

२. बी ड्यू टु : वेळापत्रकात लिहिलंय

‘द ट्रेन इज ड्यू टु अराइव्ह ॲट टेन फॉर्टी.’ गाडीची ठरलेली वेळ दहा चाळीस आहे. इथे वेळ किंवा तारीख बहुधा सांगितलेली असते. क्रियापद गाळून नुसतं ‘द ट्रेन इज ड्यू ॲट टेन फॉर्टी’ असंही म्हणतात.

लक्षात घ्या, यात हमी नसते. गाडी दहा चाळीसला ‘ड्यू’ आहे पण वीस मिनिटं उशिरा धावतेय, या दोन गोष्टी एकाच दमात सांगता येतात. ‘ड्यू’ म्हणजे कागदावरची वेळ.

मुलं हमखास फसतात ती दुसऱ्या ‘ड्यू टु’मध्ये. ‘द मॅच वॉज कॅन्सल्ड ड्यू टु रेन’ यात ‘ड्यू टु’ म्हणजे ‘मुळे’. ओळखायचं कसं? पुढचा शब्द बघा. पुढे क्रियापदाचं मूळ रूप असेल (अराइव्ह, स्टार्ट, ओपन) तर नियोजित भविष्य. पुढे नाम असेल (हेवी ट्रॅफिक, फॉग) तर कारण. कधी दोन्ही एकाच वाक्यात भेटतात : ‘द फ्लाइट, ड्यू टु लीव्ह ॲट सिक्स, इज डिलेड ड्यू टु फॉग.’ हे वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना दोन्हींचे अर्थ वेगवेगळ्या रंगात लिहायला सांगा.

३. बी टु : अधिकारानं ठरलंय

‘द चीफ मिनिस्टर इज टु इनॉगरेट द ब्रिज ऑन मंडे.’ हा अधिकृत कार्यक्रम आहे. वर्तमानपत्राच्या मथळ्यात यातला ‘इज’ गळतो आणि ‘चीफ मिनिस्टर टु इनॉगरेट ब्रिज’ एवढंच उरतं. मथळ्यातला हा ‘टु’ कुठून आला, असं मुलं विचारतात. त्याचं उत्तर हे.

आता कर्ता बदला. ज्यांच्यासाठी सूचना आहे तेच कर्ता झाले की कार्यक्रमाचा हुकूम होतो : ‘स्टुडंट्स आर टु वेअर युनिफॉर्म.’ नकार आला तर मनाई : ‘स्टुडंट्स आर नॉट टु ब्रिंग मोबाइल फोन्स.’ मराठीत आपण ‘घालायचा आहे’, ‘आणायचे नाहीत’ म्हणतो तोच सूर.

दोन मर्यादा आहेत. हे रूप फक्त ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ यांच्याबरोबर येतं. ‘विल बी टु’ असं होत नाही. आणि जे कुणी ठरवू शकत नाही त्याला ते लागत नाही. ‘इट इज टु रेन टुमॉरो’ चूक, कारण पावसाला कुणी आदेश काढत नाही.

एक खरं उदाहरण : चांद्रयान-२

तिन्ही रूपं एकत्र शिकवायला ही घटना फार चांगली. १५ जुलै २०१९ च्या पहाटे २.५१ ला श्रीहरिकोट्याहून उड्डाण ठरलं होतं. आदल्या दिवशीची बातमी अशी लिहिता येईल : ‘चांद्रयान-टू इज ड्यू टु लिफ्ट ऑफ ॲट २.५१ ए.एम.’ नेमकी वेळ आहे, म्हणून ‘ड्यू’.

उड्डाणाला ५६ मिनिटं उरली असताना तांत्रिक बिघाडामुळे उलटगणती थांबवली. मग वाक्य भूतकाळात गेलं : ‘इट वॉज ड्यू टु लिफ्ट ऑफ…, बट द लाँच वॉज कॉल्ड ऑफ.’ वेळ ठरली होती, घटना झाली नाही, आणि तरी वाक्य खरंच राहिलं. यान शेवटी २२ जुलैला दुपारी २.४३ ला उडालं.

७ सप्टेंबरला विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरणार होता. मोहिमेचा आराखडा म्हणून : ‘विक्रम वॉज टु लँड निअर द साउथ पोल.’ अगदी शेवटच्या टप्प्यात संपर्क तुटला : ‘इट वॉज अबाउट टु टच डाउन व्हेन काँटॅक्ट वॉज लॉस्ट.’ म्हणजे उतरण्याच्या बेतातच होता, तेवढ्यात. आणि ठरलं होतं पण झालं नाही हे वाक्यातच सांगायचं असेल तर : ‘विक्रम वॉज टु हॅव लँडेड सॉफ्टली.’ नुसतं ‘वॉज टु लँड’ पुढे काय झालं ते सांगत नाही, ‘वॉज टु हॅव लँडेड’ सांगतं.

सरावासाठी

मुलांना आधी मराठी वाक्य द्या आणि आधार कोणता ते विचारा. इंग्रजी नंतर.

१. पालकांनी ओळखपत्र सोबत आणायचे आहे.
२. बस सव्वासातला येणे अपेक्षित आहे.
३. कृपया आसनस्थ व्हा, नाटक सुरू होत आहे.

उत्तरे : १. अधिकार, म्हणून ‘पेरेंट्स आर टु ब्रिंग…’ २. वेळापत्रक, म्हणून ‘द बस इज ड्यू टु अराइव्ह…’ ३. जवळचा क्षण, म्हणून ‘द प्ले इज अबाउट टु बिगिन.’