एक घर, तीन चुली आणि एक मीटर

पेडणे तालुक्यातील धारगळ गावाचे रूप अलीकडे पालटत आहे. राष्ट्रीय महामार्ग गावातून जातो. २०२२ साली येथे आयुर्वेद संस्था सुरू झाली आणि जवळच मोपा येथे विमानतळ झाला. नोकरीसाठी येणारी माणसे बिऱ्हाडाला जागा शोधू लागली, आणि जुन्या घरांच्या मागच्या खोल्या भाड्याने जाऊ लागल्या. घर एक, पण चुली तीन, अशी स्थिती झाली की पहिला वाद बहुधा विजेच्या बिलावरून होतो. हा वाद मनाचा मोठेपणा दाखवून मिटत नाही. तो हिशेबाने मिटतो. तो हिशेब येथे आपण करून पाहू.

असे एक घर कल्पू या. पुढच्या भागात थोरले काका, मधल्या भागात धाकटे काका आणि मागे भाडेकरू कुटुंब. विहिरीवरचा पंप व पडवीतील दिवा सर्वांचा. मीटर एकच, आणि तोही वारलेल्या आजोबांच्या नावावर.

पहिला प्रश्न असा, की जोडणी कोणाच्या नावावर असावी? गोव्यात वीज पुरविण्याचे काम सरकारचे वीज खाते करते. खाते ज्याच्याशी व्यवहार करते तो जोडणीधारक. बिल त्याच्या नावाने येते, अनामत रक्कम त्याची असते आणि थकबाकीचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. २००३ च्या विद्युत कायद्याप्रमाणे बिल थकल्यास पंधरा दिवसांची लेखी सूचना देऊन पुरवठा तोडता येतो. घरातील दोघांनी आपापला वाटा काकांच्या हाती दिला असला आणि काकांनी बिल भरले नसले, तरी अंधार तिघांच्याही घरी होतो. शिवाय जोडणी मृत माणसाच्या नावावर असेल, तर तक्रार करण्यास वा भार वाढवून मागण्यास सही कोणी करावयाची, हाच पेच पडतो. म्हणून नाव बदलून घेणे हे पहिले काम.

येथेच पुष्कळ घरांत भीती आडवी येते. “जोडणी त्याच्या नावावर झाली, म्हणजे उद्या घरही त्याचेच होईल,” असे धाकट्याला वाटते. ही भीती निराधार आहे. कायद्याने वीज मागण्याचा हक्क मालकाला तसाच तेथे राहणाऱ्यालाही दिला आहे. तेव्हा बिलावरील नाव हा मालकीचा पुरावा होऊ शकत नाही. भाडेकरूलाही याच नियमाचा आधार आहे. घरमालक संमतिपत्र देत नाही एवढ्या कारणावरून तेथे राहणाऱ्याला वीज नाकारता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली दिला. अर्जदार त्या जागेत खरोखर राहतो की नाही, एवढेच खात्याने पाहावयाचे.

आता दुसरा प्रश्न वाटणीचा. बिलाचे तीन सारखे भाग करणे सर्वांत सोपे. पण एकाकडे शीतकपाट व गिझर आणि दुसऱ्याकडे चार दिवे असतील, तर ते न्याय्य नव्हे. म्हणून प्रत्येक बिऱ्हाडाला उपमीटर बसवितात. एक किलोवॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज खर्ची पडते, आणि मीटर तेच मोजतो. मागील वाचन आजच्या वाचनातून वजा केले की वापर निघतो.

समजा, मुख्य मीटरचे मागील वाचन २४३१० व आजचे २४७१० आहे. म्हणजे वापर ४०० युनिट. उपमीटरांवर थोरल्यांचे १८०, धाकट्यांचे ११० व भाडेकरूचे ८० युनिट निघाले. बेरीज ३७०. उरलेले ३० युनिट पंपाचे व पडवीच्या दिव्याचे.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. खरे दर वेळोवेळी बदलतात. आपण गणितापुरते सोपे दर घेऊ. पहिल्या शंभर युनिटांना २ रुपये, दुसऱ्या शंभरांना ३, तिसऱ्यांना ४ आणि पुढे ५. तर ४०० युनिटांचे २०० + ३०० + ४०० + ५०० = १४०० रुपये होतात. स्थिर आकार १२० धरला, तर बिल १५२० रुपये.

कोणाचे युनिट पहिल्या टप्प्यातले आणि कोणाचे चौथ्यातले, हे मीटर सांगू शकत नाही. म्हणून सरासरी दर काढावा : १४०० भागिले ४००, म्हणजे साडेतीन रुपये. थोरल्यांचे ६३०, धाकट्यांचे ३८५, भाडेकरूचे २८० रुपये झाले. सामाईक ३० युनिटांचे १०५ रुपये व स्थिर आकाराचे १२० रुपये तिघांत सारखे वाटले, की प्रत्येकी ३५ व ४० रुपये वाढतात. अखेर वाटे ७०५, ४६० आणि ३५५. बेरीज बरोबर १५२० येते, आणि ती तशी आलीच पाहिजे. भाडेकरूकडून खर्चापेक्षा अधिक दर घेणे योग्य नाही. परवान्यावाचून विजेचा व्यापार करण्यास कायद्याची मनाई आहे.

परंतु या रीतीतही एक तोटा दडलेला आहे. तिघांचे युनिट एकत्र मोजल्यामुळे सर्वजण वरच्या टप्प्यांत जातात. तीन स्वतंत्र जोडण्या असत्या आणि पंप थोरल्यांच्या मीटरवर असता, तर विजेचे अनुक्रमे ५४०, २३० व १६०, म्हणजे ९३० रुपयेच झाले असते. प्रत्येकाचा स्थिर आकार १२० धरला तरी एकूण १२९० होतात. म्हणजे २३० रुपये वाचतात, आणि एकाच्या थकबाकीने दुसऱ्याचा दिवा विझत नाही. पंपाला तेवढा एक उपमीटर लावावा आणि त्याचा खर्च तिघांनी वाटून घ्यावा. तेव्हा बिऱ्हाडे कायमची वेगळी असतील, वायरिंग वेगळे करणे शक्य असेल, तर स्वतंत्र जोडणीच श्रेयस्कर. पुढच्या खोलीत दुकान असेल तर त्याला घरगुती जोडणीवरून वीज मुळीच देऊ नये. तो अनधिकृत वापर ठरतो आणि त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

उपमीटर ठेवावयाचेच असतील, तर दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, खात्याचा माणूस ज्या दिवशी मुख्य मीटर वाचतो त्याच दिवशी सर्व उपमीटर वाचावेत, आणि दशांशाचा अंक पूर्णांकांत मिसळू नये. वाचने एका वहीत लिहून तिघांनी सह्या कराव्यात. दिवस चुकला की सामाईक युनिट कधी पन्नास, तर कधी पाच दिसू लागतात आणि संशय वाढतो.

दुसरी गोष्ट तपासणीची. तिन्ही बिऱ्हाडांचे मेन स्विच, पंप व पडवीचा दिवा बंद करावा. तरीही मुख्य मीटरचा लहान लाल दिवा लुकलुकत राहिला, तर कोठेतरी वीज गळते आहे किंवा एखादी तार मीटरांना चुकवून गेली आहे, असे समजावे व परवानाधारक तारतंत्र्यास बोलवावे. उपमीटरवर संशय असेल, तर त्या बिऱ्हाडातील इतर सारे बंद करून पाणी तापविण्याचा एक हजार वॅटचा रॉड पाण्यात ठेवून तीन मिनिटे चालवावा. तेवढ्यात एका युनिटाचा विसावा भाग खर्ची पडतो. मीटरवर युनिटाला ३२०० लुकलुकी असे लिहिले असेल, तर त्या सुमारे १६० भराव्यात. विजेचा दाब कमीअधिक असल्याने थोडा फरक पडेल. पण ऐंशी किंवा अडीचशे आल्यास तो मीटर बदलावा.

बीजगणिताच्या तासाला शिकलेली सरासरी घरात उपयोगी पडण्याचे हे उत्तम स्थान होय. या महिन्याचे बिल येईल तेव्हा विद्यार्थ्यांनी वही घेऊन मीटरखाली उभे राहावे, आणि वाट्यांची बेरीज बिलाशी जुळते की नाही, हे वडीलधाऱ्यांसमक्ष ताडून पाहावे.