वीस सेकंदांत भाजणी विकताना

रेडिओसाठी जाहिरात लिहिण्याची आवड असलेल्या मुलामुलींनी मोठ्या ब्रँडकडे न बघता गल्लीतल्या दुकानापासून सुरुवात करावी. विविध भारतीवर १९६७ पासून जाहिराती वाजताहेत. आज शहरातल्या एफएम केंद्रांनाही असं स्थानिक काम लागतं आणि नवख्या लेखकाच्या वाट्याला बहुधा तेच येतं.

समजा, एका पिठाच्या गिरणीची दिवाळीसाठी जाहिरात करायची आहे. वेळ वीस सेकंद. मालक सांगतात, पीठ, मसाले, पापड, भाजणी सगळं येऊ द्या, शिवाय फोन नंबर आणि ‘उत्तम दर्जा, रास्त दर’. एवढं सगळं घेतलं तर निवेदक धापा टाकेल आणि ऐकणाऱ्याच्या कानात काहीच उरणार नाही. दिवाळीच्या तोंडावर घराघरांत अडचण असते ती भाजणीची, तेव्हा तेवढीच घ्यावी.

(गिरणीची घरघर)
सून : आई, यंदा भाजणी कधी भाजायची? सुट्टीच नाही.
सासू : भाजायची कशाला? माउली गिरणीत मिळते, निवडून, भाजून, दळून!
जिंगल : खमंग भाजणी, माउली गिरणी!
निवेदक : वसुबारसेआधी गिरणीत येऊन नाव नोंदवा. माउली गिरणी, मारुतीच्या देवळासमोर.

शब्द जेमतेम अठ्ठावीस. घरघरीला दोन आणि जिंगलला चार सेकंद दिले, तरी बोलायला चौदा उरतात. जिंगलच्या दोन्ही तुकड्यांत नऊ-नऊ मात्रा आहेत आणि ‘भाजणी-गिरणी’ हे यमक आपसूक जुळतं, त्यामुळे साध्या टाळीवरही ती म्हणता येते. दुकानाचं नाव जिंगलमध्ये हवंच. नाहीतर चाल लक्षात राहते आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच गिरणीत जातं.

शेवटच्या ओळीत एकच काम सांगितलंय, नाव नोंदवायचं. कुठे आणि कधीपर्यंत, तेही आलंय. ‘अवश्य भेट द्या’ म्हटलं की माणूस ‘जाऊ कधीतरी’ म्हणतो, वसुबारस म्हटलं की दिवस मोजतो. फोडणी टाकताना दहा आकडे कोण लिहून घेणार? म्हणून फोन नंबर गाळला. ‘हनुमान मंदिरानजीक’ कागदावर शोभतं, पण पत्ता विचारताना लोक ‘मारुतीचं देऊळ’च म्हणतात.

लिहून झालं की घड्याळ लावून मोठ्यानं वाचावं, मग मोबाइलवर रेकॉर्ड करून कामात असलेल्या कुणाला तरी एकदाच ऐकवावं. काय घ्यायचं, कुठून, कधीपर्यंत, हे त्यांना सांगता आलं नाही तर संहिता पुन्हा लिहावी.

पालकांना प्रश्न पडतो, यात नोकरी कुठे? एफएम केंद्रांत आणि जाहिरात संस्थांत कॉपीरायटर लागतात. पत्रकारिता किंवा जनसंज्ञापनाची पदवी उपयोगी पडते, पण मुलाखतीत ‘काय लिहिलंय ते ऐकवा’ म्हटल्यावर पुढे करायला आवाज हवा. किराणा, सायकल दुरुस्ती, शिवणवर्ग अशा तीन वेगळ्या दुकानांचे वीस-वीस सेकंदांचे स्पॉट मुलांनी शिकत असतानाच तयार ठेवावेत. दुकानदाराशी बोलून, त्याची परवानगी घेऊन केलेले असतील तर उत्तम, कारण पुढे रोज हेच करायचं असतं: मालकाच्या दहा मागण्यांतून एक निवडायची आणि ती त्याला पटवून द्यायची.