प्लायला करवत लागण्याआधी

चि. दादूस,



परवा फोनवर तू म्हणालास की, गिऱ्हाइकाकडे अ‍ॅडव्हान्स मागायची वेळ आली की जीभ अडखळते. मग ते देतील तेवढे घेतोस आणि उरलेले पैसे पदरचे घालून माल आणतोस. फोनवर हा विषय नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

जीभ अडखळते, कारण मागतोयस तो आकडा कशाचा आहे हे तुझं तुलाच ठाऊक नसतं. ‘निम्मे द्या’ ही बाजाराची रीत झाली. पण निम्मेच का, असं समोरच्याने विचारलं तर तुझ्याकडे उत्तर नाही. म्हणून आधी कागद घे आणि आत्ता हातात असलेल्या कपाटाचाच हिशोब मांड.

भिंतीतल्या कोनाड्यात बसणारं सात फूट रुंद आणि आठ फूट उंच कपाट, म्हणजे छप्पन्न चौरस फूट. तुझा दर पंधराशे, तर एकूण ८४,००० रुपये. त्यात अठरा एमएमच्या प्लायचे नऊ ताव आणि पाठीला सहा एमएमचे दोन, मिळून ३३,००० धर. सनमायका बाहेरच्या अंगाला ४,८०० ची आणि आतली पांढरी ५,२०० ची, म्हणजे १०,०००. बिजागऱ्या, चॅनल, हँडल, कुलपं, फेविकॉल, एज बँड असं सगळं मिळून १०,०००. मजुरी १८,०००. टेम्पो दोन वेळा, माल आणताना एक हजार आणि कपाट पोचवताना एक हजार. झाले ७३,०००. उरलेल्या अकरा हजारांत वर्कशॉपचं भाडं, वीज आणि तुझी कमाई.

आता बघ, निम्मे म्हणजे ४२,०००. पहिल्या फेरीत प्लाय आणि सनमायका मिळून ४३,००० लागणार, वर टेम्पो. म्हणजे निम्मे घेऊनही पहिल्याच दिवशी तू दोन हजारांनी खाली. मग मजुरी कुठून देणार? पुढच्या गिऱ्हाइकाच्या अ‍ॅडव्हान्समधून. तिथूनच घोळ सुरू होतो, त्याबद्दल पुढे लिहितो.

माझं सांगणं असं की, ज्या दिवशी जेवढा पैसा असा अडकेल की तो परत मोकळा करता येणार नाही, तेवढा तरी त्या दिवशी गिऱ्हाइकाकडून हातात आलेला असावा. त्यासाठी पैसे टप्प्याटप्प्याने घे. ड्रॉइंग पसंत पडलं की ५,००० विसार. माल आणायला जाण्याआधी ४०,०००. कपाटाचे डबे उभे राहिले की गिऱ्हाइकाला वर्कशॉपमध्ये बोलावून दाखव, आणि बाहेरची सनमायका चिकटवण्याआधी २५,००० घे. राहिलेले १४,००० घरी बसवून झाल्यावर, दारं नीट लागतात आणि ड्रॉवर सरकतात हे त्यांनी स्वतः पाहिल्यावर. कपाट तयार होईपर्यंत तुझे साधारण ६९,००० गेलेले असतात आणि हातात ७०,००० असतात. शेवटची रक्कम त्यांच्याकडे राहते, ती त्यांचीही सोय आहे. बसवताना काही चुकलं तर तू परत येशील याची त्यांना खात्री असते.

तिसरा हप्ता सनमायकाच्या आधीच का? रंग चिकटला की माल त्या एकाच घराचा होतो. कोरा ताव दुसऱ्या कामात जातो. कापलेल्या प्लायचे तुकडेही ड्रॉवरला, फळ्यांना लागतात, जरी लांब बाजू छोट्या कामात वाया जातात आणि किंमत अंदाजे निम्मी उरते. पण त्यांनी निवडलेली गर्द हिरवी सनमायका चिकटलेलं, त्यांच्याच कोनाड्याच्या मापाचं कपाट दुसरं कोण घेणार? पलंग किंवा टीपॉय असता तर शोरूममध्ये ठेवून विकता आला असता, म्हणून तशा कामाला कमी पैसे आगाऊ घेतले तरी चालतं. अंगाबरोबर शिवल्यासारखं मापाचं काम असेल तिथे सवलत देऊ नकोस, मग गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो.

आता ऑर्डर रद्द झाली तर काय. हे पैसे घेण्याआधी सांगायचं, नंतर नाही. दुकानात ‘अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही’ अशी पाटी लावतात, तशी तू लावू नकोस. ते न्यायाचंही नाही आणि कायद्यात टिकेल याची खात्रीही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यावर कागदावर ठरलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या खटल्यात हेच धरलं. बंगल्याच्या विक्रीचा करार होता. विसाराचे १,००० रुपये विकणाऱ्याला ठेवता येतील, पण किमतीपोटी घेतलेले २४,००० नुकसान दाखवल्याशिवाय जप्त करता येणार नाहीत, असा निकाल होता. म्हणून पावतीवर पाच हजार विसार म्हणून वेगळे लिही आणि पुढचे हप्ते मालापोटी व मजुरीपोटी म्हणून वेगळे. दोन्ही एकाच ओळीत ‘अ‍ॅडव्हान्स’ म्हणून टाकलेस तर पुढे वाद होतो.

समज, गिऱ्हाइकाची अचानक बदली झाली आणि प्लाय कापून झालेलं असताना ते म्हणाले, कपाट नको. तुझ्या हातात ४५,००० आहेत. प्लाय ३३,००० चं, त्यातलं निम्मं तू दुसरीकडे वापरशील, तेव्हा नुकसान १६,५००. बाहेरची सनमायका खास मागवलेली, दुकानदार परत घेत नाही, ४,८००. आतली पांढरी कुठेही चालते, तिचा पैसा धरू नकोस. कापणीपर्यंतची मजुरी ६,०००, टेम्पो १,०००. झाले २८,३००. त्यात विसाराचे ५,०००, तो तुझ्या माप घेण्याच्या फेऱ्यांचा आणि ड्रॉइंगचा मोबदला. एकूण ३३,३००. म्हणजे ११,७०० परत द्यायचे. आणि सनमायकेचे ताव त्यांच्या स्वाधीन करायचे, कारण त्याचे पैसे त्यांनी भरले आहेत. हा हिशोब कागदावर मांडून त्यांच्या पुढ्यात ठेव, मालाची बिलं जोड. माणूस नाराज होईल, पण फसवलं असं त्याला वाटणार नाही.

त्यांनी माल आणण्याआधीच नकार दिला, तर विसार ठेवून चाळीस हजार तसेच परत कर. माल आणलाय पण कापला नाही, तर विसार, खास सनमायका आणि माल आणण्या-परतवण्याचे दोन टेम्पो कापून उरलेले ३३,२०० दे. दुकानदार कोरं प्लाय परत घेताना काही वजावट करत असेल, तर तीही दाखवून धर. हे त्याला आधीच विचारून ठेव, दर दुकानाचं वेगळं असतं.

आणि उशीर तुझ्याकडून झाला तर? तेही त्याच कागदावर हवं. ठरलेल्या तारखेनंतर पंधरा दिवसांत काम दिलं नाहीस आणि गिऱ्हाइकाने ऑर्डर मोडली, तर विसारासकट सगळे पैसे परत. फक्त त्यांनाच बांधणारा कागद कोणीही मनापासून सही करून देत नाही. तारीख मात्र विसाराच्या दिवसापासून मोजू नकोस, दुसरा हप्ता मिळाल्यापासून मोज.

माप बदलण्याचं प्रकरण यातच येतं. नव्या फ्लॅटमध्ये लादी बसली नसताना किंवा फॉल्स सीलिंग व्हायचं असताना घेतलेलं माप धरून कधीही कापू नकोस. उंचीत एक-दोन इंचांचा फरक पडतो आणि मग कापलेल्या बाजू फुकट जातात. अंतिम मापावर त्यांची सही घे, निवडलेल्या सनमायकेच्या नमुन्यामागे नंबर लिहून तिथेही सही घे. सहीनंतर त्यांनी माप किंवा रंग बदलला, तर तेवढ्या भागापुरती ती ऑर्डर रद्द झाल्यासारखीच आहे, खर्च त्यांचा. हेही आधी सांग.

कसं सांगायचं? ड्रॉइंग पसंत झालं की समोर बसून, फोनवर नाही. मी असं बोलेन: “साहेब, हे कपाट तुमच्याच भिंतीचं आहे, दुसऱ्या कुणाला बसणार नाही. म्हणून माल आणण्याआधी चाळीस हजार लागतील, त्यातून प्लाय आणि सनमायका येईल, बिलं तुम्हाला दाखवतो. मधेच काही अडचण आली तर काय परत मिळेल ते या कागदावर आहे, वाचून घ्या.” एवढं बोलून थांब. गडबडीने “नाहीतर तीस दिले तरी चालतील” असं म्हणू नकोस. तू स्वतःच कमी केलंस की आधीचा आकडा मनचा होता असं त्यांना वाटतं. संध्याकाळी तेच सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव आणि त्यांचं “ठीक आहे” आल्यावरच दुकानात जा.

“एवढाही विश्वास नाही का?” असं कोणी म्हणेल, विशेषतः ओळखीचं माणूस. त्यावर चिडू नकोस, वादही घालू नकोस. “विश्वास आहे म्हणूनच शेवटचे चौदा हजार मी काम झाल्यावर घेतोय,” असं सांग. तरीही माणूस दुसरा हप्ता द्यायला महिनाभर टाळाटाळ करू लागला, तर त्याचं नाव वहीत खाली ढकल. त्याच्यासाठी माल आणू नकोस.

आता तो घोळ. आलेले पैसे घरखर्चाच्या खात्यात घालू नकोस. वेगळं खातं काढ आणि प्रत्येक ऑर्डरचं वहीत वेगळं पान ठेव, किती आले, किती गेले. नव्या गिऱ्हाइकाच्या विसाराची वाट बघत जुन्या कामाच्या बिजागऱ्या अडून राहिल्या, की ओळख, एकाचे पैसे दुसऱ्याच्या कामात गेलेत. अशा वेळी कोणी ऑर्डर रद्द केली तर त्याचे अकरा हजारही परत द्यायला तुझ्याकडे नसतील, मग तू फोन उचलायचा बंद करशील. चांगले हात असलेली कितीतरी वर्कशॉपं मी अशीच बंद पडताना पाहिली आहेत, आणि तुझ्याबाबत मला हीच काळजी आहे.

पावतीचा मसुदा सोबत जोडतोय. त्यात ऑर्डरचा नंबर, अंतिम माप, सनमायकेचा नंबर, चारही हप्ते आणि रद्द केल्यावरचे टप्पे आहेत. तुझ्या दराप्रमाणे आकडे बदल आणि छापायला टाकण्याआधी एकदा मला पाठव. छापून येईपर्यंत सध्याच्या कपाटासाठी हाताने लिहून दे, पण करवत लावण्याआधी सही घे.

तुझा,
मामा