स्कॅन केलेल्या माती परीक्षण अहवालावरून पीकनिहाय खत नियोजन तक्ता

माती परीक्षणाचा अहवाल बहुधा छापील कागदावर किंवा त्याच्या छायाचित्राच्या स्वरूपात हाती येतो. त्यातील तक्ता एक्सेलमध्ये उतरवणे आता सोपे झाले आहे. छायाचित्रातून मजकूर ओळखण्याची सोय बहुतेक मोबाईलमध्ये असते. मात्र असा तक्ता उतरवताना आकडे शाबूत येतात आणि शीर्षकातील बारीक अक्षरांतील एकक अनेकदा गळते. खतमात्रेतील सर्वांत महागडी चूक इथेच होते.

एक उदाहरण घेऊ. उतरवलेल्या तक्त्यात नत्र १८८, स्फुरद २८.४ आणि पालाश ४१२ असे आकडे आले. तिन्ही किलो प्रति हेक्टर आहेत असे गृहीत धरले. सर्वसाधारण तीन स्तरांच्या वर्गवारीत नत्र २८० पेक्षा कमी म्हणजे ‘कमी’ आणि पालाश २८० पेक्षा अधिक म्हणजे ‘जास्त’. स्फुरदासाठी १० ते २५ हा ‘मध्यम’ पट्टा आहे, त्यामुळे २८.४ हा आकडा ‘जास्त’ ठरला. परंतु मूळ कागदावर प्रयोगशाळेने त्यापुढे ‘मध्यम’ असे लिहिलेले होते.

ही विसंगती हाच इशारा होय. मराठीत मूलद्रव्यरूपातील स्फुरद (P) आणि ऑक्साइडरूपातील स्फुरद (P2O5) या दोहोंना एकच शब्द वापरला जातो. वर्गवारीचे आकडे मूलद्रव्यरूपाचे आहेत, तर या अहवालातील आकडा ऑक्साइडरूपाचा होता. २८.४ ला २.२९ ने भागल्यास १२.४ येतात, म्हणजे मध्यमच. पालाशाबाबत हाच गुणक १.२ आहे. ४१२ ला त्याने भागले तरी ३४३ उरतात, त्यामुळे तिथे वर्ग बदलत नाही. म्हणून प्रयोगशाळेच्या ‘कमी-मध्यम-जास्त’ या रकान्याला शोभेचा समजून वगळू नये. आकडा बरोबर उतरला की नाही याची तीच पडताळणी आहे. दशांश चिन्ह गळून १२.४ चे १२४ झाले, तरी हाच रकाना चूक उघडी पाडतो. तो नसेल तर एकक प्रयोगशाळेकडून विचारून घ्यावे, अंदाज करू नये. आकडे पीपीएममध्ये असतील, तर २.२४ ने गुणल्यावर किलो प्रति हेक्टर मिळतात.

पडताळणीनंतर पहिल्या पानावर मूळ आकडे जसेच्या तसे ठेवावेत आणि दुसऱ्या पानावर हिशेब करावा. ‘कमी’ असल्यास शिफारशीत २५ टक्के वाढ, ‘मध्यम’ असल्यास शिफारशीइतकी मात्रा आणि ‘जास्त’ असल्यास २५ टक्के घट, हा प्रचलित नियम आहे. C2 मध्ये मूलद्रव्यरूपातील स्फुरद असल्यास गुणकाचे सूत्र असे:

```
=IF(C2<10,1.25,IF(C2<=25,1,0.75))
```

नत्र व पालाशासाठी याच सूत्रात त्यांच्या मर्यादा घालाव्यात. प्रयोगशाळेच्या मर्यादा किंचित वेगळ्या असतील, तर त्यांनाच प्राधान्य द्यावे.

बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद (P2O5) व ४० किलो पालाश (K2O) धरली, तर मात्रा १५० : ६० : ३० होते. स्फुरद आधी भागवावे. डीएपीत ४६ टक्के स्फुरद असल्याने १३० किलो डीएपी लागते. त्यातून १८ टक्के दराने २३.५ किलो नत्रही मिळते. उरलेल्या १२६.५ किलो नत्रासाठी २७५ किलो युरिया, तर पालाशासाठी ५० किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते. एका एकराला (०.४ हेक्टर) अनुक्रमे ५२, ११० आणि २० किलो. त्याच जमिनीवर हरभऱ्याची शिफारस २५ : ५० : ३० धरल्यास एकरी सुमारे ४३ किलो डीएपी, १० किलो युरिया आणि १५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश येते. पिके वेगळी असली तरी गुणक तेच राहतात, बदलते ती फक्त शिफारशीची ओळ.

आता एकक न तपासता ‘जास्त’ हा वर्ग धरला असता, तर गव्हाला स्फुरद ४५ किलोवर आले असते. एकरी डीएपी ५२ ऐवजी ३९ किलो आणि युरिया ११० ऐवजी ११५ किलो. हा तक्ता दिसायला पूर्णपणे निर्दोष असतो, म्हणूनच चूक शेतात पोहोचते.

सूक्ष्म अन्नद्रव्यांना हा गुणक लावू नये. जस्त ०.६ पीपीएमपेक्षा कमी असल्यास हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट वेगळ्या ओळीत लिहावे. ते डीएपीत मिसळून देऊ नये, कारण स्फुरदाशी संयोग होऊन जस्त पिकाला मिळेनासे होते. तक्ता उतरवताना रिकामी चौकट असल्यास पुढचे आकडे डावीकडे सरकतात आणि जस्ताचा आकडा गंधकाखाली जाऊन बसतो. त्यामुळे प्रत्येक ओळीतील नोंदींची संख्या मोजून घ्यावी.

टक्केवारीचा नियम ढोबळच आहे, कारण तो अपेक्षित उत्पादन विचारात घेत नाही. आपल्या पिकासाठी व जमिनीसाठी अपेक्षित उत्पादनावर आधारित समीकरण उपलब्ध असल्यास तेच वापरावे. मात्र तिथेही समीकरणात कोणते एकक अपेक्षित आहे हे आधी पाहावे.