श्रद्धा हा मनाचा भ्रम आहे काय?

मानसशास्त्र शिकणारी आपली मुले कोरेगावी सुटीत घरी आली की एक प्रश्न हमखास विचारतात : ईश्वर ही माणसाच्याच मनाची सावली आहे, हे खरे काय? प्रश्न दडपण्यापेक्षा मूळ मत नीट समजून घ्यावे.

जर्मन विचारवंत फॉयरबाख यांनी १८४१ मध्ये असे मांडले की, माणूस आपलेच उत्तम गुण आकाशात पाहतो व त्यांना ईश्वर म्हणतो. यालाच प्रक्षेपण म्हणतात. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२७ च्या ग्रंथात त्याला बालपणाची जोड दिली. असहाय बालकाला पित्याचा आधार वाटतो. मोठेपणीही असहायता सरत नाही, म्हणून तो स्वर्गीय पिता कल्पितो. फ्रॉइड यांनी यास ‘भ्रम’ म्हटले. परंतु भ्रम म्हणजे असत्य नव्हे, इच्छेतून उपजलेला समज, असे त्यांनीच स्पष्ट केले. राजपुत्र आपल्याला वरील, असे एखाद्या सामान्य मुलीला वाटणे हा भ्रम. तरी तसे क्वचित घडूही शकते. फ्रॉइड स्वतः नास्तिक होते, हे खरे. पण त्यांचा नास्तिकपणा या सिद्धान्तातून निष्पन्न होत नाही. तहानेल्याला पाणी हवे असते, एवढ्यावरून विहीर आहे किंवा नाही, हे ठरत नाही. हिशेब द्यावा लागू नये, ही इच्छाही माणसाला असतेच. मग अश्रद्धेलाही हाच निकष लावावा लागेल.

आता पित्याचा मुद्दा. ॲना-मारिया रिझुतो यांनी १९७९ च्या ग्रंथात वीस रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यांच्याकडून कुटुंबाची व ईश्वराची चित्रे काढून घेतली. मनातील ईश्वरप्रतिमेत पित्याबरोबर आई व इतर आप्तही मिसळलेले आढळले. सुधीर कक्कर यांनीही १९७८ मध्ये भारतीय बालमनातील आईचे प्राबल्य दाखवले होते. रिझुतो यांनी मर्यादाही सांगितली : हा अभ्यास प्रतिमेचा आहे, ईश्वराच्या अस्तित्वाचा नव्हे.

इस्लाममध्ये अल्लाहला पिता म्हणत नाहीत. सूरह इख्लासमध्ये जन्य-जनक नात्याचा स्पष्ट इन्कार आहे. म्हणून फ्रॉइड यांचे सूत्र येथे जसेच्या तसे लागू होत नाही. मात्र एवढ्याने आपण सुटलो, असे समजू नये. समजा, एका घरी प्रत्येक चुकीला ‘अल्लाह जाळील’ एवढेच सांगून छडी उगारली जाते. तो मुलगा नमाज पढेल. पण दुआसाठी हात उचलताना त्याच्या मनापुढे छडीच येईल. ‘रहमान’ आणि गर्भाशयवाचक ‘रहिम’ हे शब्द एकाच धातूचे, हे त्याला कधी कळणारच नाही.

आपल्याच वासनेला ईश्वर करणाऱ्याचा उल्लेख सूरह जासियामध्ये (आयत २३) आहे. म्हणजे प्रक्षेपणाचा धोका कुरआनलाही मान्य आहे. तेव्हा मनोविश्लेषण आपल्या ईमानाचा निवाडा करू शकत नाही. परंतु ज्याची आपण कल्पना करतो तो अल्लाह आहे की आपलाच राग, आपलीच हौस, हे तपासायला ते निश्चित उपयोगी पडते.