वाचा गेली, बुद्धि राहिली

ज्याला बोलतां येत नाहीं त्याला समजतही नाहीं, असा पुष्कळांचा समज असतो. घरांतील एखाद्या वडील माणसास अर्धांगवायूचा झटका येतो, त्याची वाचा जाते, आणि दुसऱ्या दिवसापासून मंडळी त्याच्यादेखतच त्याच्याविषयीं बोलूं लागतात. जणूं तो तेथें नाहींच! उलट, एखादा रुग्ण भरभर बोलतो, परंतु त्याच्या बोलण्यास अर्थ नसतो; त्याला लोक वेडा ठरवितात. हे दोन्ही समज पुष्कळदां चुकीचे असतात. त्यांचें कारण या लेखांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विकारास वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात. यांत जीभ, ओठ व कंठ शाबूत असतात. कानही चांगले असतात. बिघाड होतो तो मेंदूच्या भाषा चालविणाऱ्या भागांत. बहुतेक वेळां मेंदूची एखादी रक्तवाहिनी अडते किंवा फुटते, आणि तिच्यावर अवलंबून असलेला भाग मरतो. डोक्यास मार लागल्यानें किंवा गांठ झाल्यानेंही असें होतें. नुकसान कोठें झालें यावर वाचाघाताचा प्रकार ठरतो.

ही गोष्ट प्रथम स्पष्ट झाली ती पॅरिसजवळील बिसेत्र येथील रुग्णालयांत. तेथें लबोर्न नांवाचा एक मनुष्य एकवीस वर्षें राहिला होता. कांहींही विचारिलें तरी तो “तॅन, तॅन” एवढेंच म्हणे. म्हणून त्याचें नांवच ‘तॅन’ पडलें. पुढें त्याचा उजवा हात लुळा पडला, मग उजवा पायही. सन १८६१ च्या एप्रिल महिन्यांत तो पाय सडूं लागला, तेव्हां त्याला शस्त्रवैद्य पॉल ब्रोका यांच्याकडे आणिलें. तुम्ही येथें किती वर्षें आहांत, असें ब्रोकांनीं विचारतांच त्यानें डाव्या हाताचा पंजा चार वेळां उघडला व शेवटीं एक बोट दाखविलें. एकवीस! उत्तर बिनचूक होतें. दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न केला, तेंच उत्तर मिळालें. तिसऱ्या वेळीं मात्र आपली परीक्षा चालली आहे हें ओळखून तो रागावला. ज्यास प्रश्न कळतो, हिशेब करतां येतो आणि आपली परीक्षा होत आहे हेंही उमगतें, त्यास निर्बुद्ध कोण म्हणेल?

थोड्याच दिवसांत लबोर्न वारला. ब्रोकांनीं त्याचा मेंदू तपासला तेव्हां डाव्या बाजूस, कपाळामागील भागांत, कोंबडीचें अंडें मावेल एवढी पोकळी आढळली. त्याच वर्षीं लेलोंग नांवाचा दुसरा वृद्ध रुग्ण आला. त्याच्यापाशीं पांचच शब्द उरले होते. संख्येसाठीं तर ‘तीन’ हा एकच, आणि तोही मोडका. मुलें किती, असें विचारल्यावर तो “तीन” म्हणे, पण बोटें चार दाखवी. म्हणजे संख्या मनांत ठाऊक होती, शब्द मात्र येत नव्हता. त्याच्याही मेंदूंत जखम त्याच जागीं निघाली. या जागेस आज ब्रोकाचा भाग म्हणतात. उजव्या हाताच्या हालचाली चालविणारा भाग याच्या शेजारींच असतो. म्हणून अशा रुग्णाचा उजवा हात पुष्कळदां दुबळा होतो.

सन १८७४ मध्यें ब्रेस्लाव शहरांतील कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या वैद्यानें निराळेच रुग्ण वर्णिले. हे अडखळत नव्हते. सुरांत, ओघांत बोलत. परंतु शब्द चुकीचे, कांहीं तर कोणत्याच भाषेंत नसलेले. आणि दुसऱ्याचें बोलणें त्यांस कळत नसे. यांची जखम डाव्या कानाच्या वर व मागें होती. ऐकलेल्या ध्वनींचा शब्द म्हणून उलगडा होण्याचें काम तेथें बिघडलें होतें. आपलें स्वतःचें बोलणेंही त्यांस पारखतां येत नाहीं, म्हणून चूक होते तीच त्यांच्या ध्यानीं येत नाहीं. हातपाय बहुधा चांगले असल्यामुळें लोकांना येथें मेंदूच्या इजेची शंकाही येत नाहीं.

आतां हा भेद ओळखावा कसा? समजा, आपण दोघां रुग्णांस विचारिलें, “काल बाजारांत काय केलेंत?” पहिला कष्टानें म्हणेल, “काल… बाजार… भाजी… मुलगा… पिशवी.” प्रत्यय व क्रियापदें गळालीं, तरी अर्थ पोंचला. दुसरा म्हणेल, “हो, तें आम्ही तिकडचें जें होतें तें ठरमून दिलें, मग तो भिकरा निघाला ना.” ओघ आहे, अर्थ नाहीं. मग “डोळे मिटा” असें सांगावें. मात्र सांगतांना आपण डोळे मिटूं नयेत व खूणही करूं नये. नाहीं तर रुग्ण केवळ पाहून अनुकरण करील आणि त्यास समजतें असा आपला भ्रम होईल. पहिला डोळे मिटतो. दुसरा बोलतच राहतो.

तथापि पहिल्यासही सारेंच समजतें असें नव्हे. “वाघाला सिंहानें मारिलें, तर मेला कोण?” या वाक्याचा अर्थ केवळ ‘ला’ आणि ‘नें’ या प्रत्ययांवर उभा आहे. अशा ठिकाणीं तोही पुष्कळदां चुकतो.

तिसरी कसोटी, ऐकलेलें वाक्य जसेंच्या तसें म्हणविणें. कांहीं रुग्णांस समजतें, बोलतांही बरेंच येतें, पण हेंच साधत नाहीं. दोन्ही भागांस जोडणारे तंतु तुटले तर एक निराळा प्रकार होईल, असा तर्क वेर्निकेनें केला होता. पुढें तसे रुग्ण आढळले.

परंतु मेंदू म्हणजे खणांचें कपाट नव्हे. लबोर्नचा मेंदू पॅरिसमध्यें जपून ठेविलेला आहे. सन २००७ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चुंबकीय चित्रांवरून दिसलें कीं, त्याची जखम ब्रोकांना वरून दिसली त्याहून फार खोल, जोडतंतूंपर्यंत गेली होती. म्हणून केवळ एका जागेस भाषेचें घर मानतां येत नाहीं, आणि पुष्कळ रुग्णांत दोन्ही प्रकारांचें मिश्रण दिसतें.

घरच्या मंडळींनीं यांतून काय घ्यावें? रुग्णाशीं ओरडून बोलूं नये. कान बहिरे नाहींत. पाटी-पेन्सिल दिली म्हणजे काम झालें असेंही नाहीं, कारण भाषाच दुखावल्यानें लिहिणेंही बहुधा बिघडतें. लहान वाक्य बोलावें, ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें उत्तर देतां येईल असा प्रश्न विचारावा, आणि उत्तराची वाट पाहावी. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णास खुणा, वस्तु व चित्रें दाखवावीं. पहिल्या प्रकारचा एखादा रुग्ण, ज्यास पाणी मागतां येत नाहीं, पाठ असलेलें भजन मात्र शब्दांसह म्हणतो. हें ढोंग नव्हे. गाण्याच्या कामीं मेंदूच्या उजव्या बाजूचेंही साहाय्य होतें.

आणि कोणाची वाचा एकाएकीं अडखळली किंवा तोंड वांकडें झालें, तर घड्याळ पाहून वेळ टिपावी व त्याच घटकेस मोठें रुग्णालय गांठावें. रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. सकाळपर्यंत वाट पाहणाऱ्याच्या हातून ती वेळ निघून जाते.