दुकानात ठेवलेला माल, गटाच्या वहीतला नफा

चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे हात बसलेल्या बायकांना सूप-टोपलीच्या पुढचं काम येतं: लॅम्पशेड, ट्रे, फुलदाण्या. पण अशा मालाचं गिऱ्हाईक गावच्या बाजारात थोडं, म्हणून गट तो नागपूरच्या एखाद्या दुकानात ठेवायला देतात. विकला तर दुकानदार आपली दलाली कापून पैसे पाठवतो, नाही विकला तर माल परत. वाणिज्याच्या पुस्तकात याला प्रेषण म्हणतात. आपण ‘ठेवायला दिला’ म्हणतो तेच बरोबर आहे, कारण विकला जाईपर्यंत मालकी गटाचीच राहते. माल टेम्पोत चढला त्या दिवशी वहीत विक्री लिहिली, तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

यात नेमका खर्च किती येतो आणि हातात काय उरतं, ते एका उदाहरणाने पाहू. आकडे हिशेबापुरते सोपे घेतले आहेत. आपले आकडे त्यांच्या जागी घाला.

मूल तालुक्यातल्या एका गटाने १०० लॅम्पशेड पाठवले. बांबू, वायर, पॉलिश आणि मजुरी धरून एकाला २४० रुपये पडले, म्हणजे २४,००० रुपये. खोकी, पेंढा आणि नागपूरपर्यंतचं भाडं मिळून गटाने २,४०० रुपये भरले. तिथे उतरवून दुकानात नेण्याची हमाली ६०० रुपये दुकानदाराने भरली आणि नंतर वळती करून घेतली. दुकानाच्या फळीवर पोहोचेपर्यंत माल २७,००० रुपयांचा झाला. एक लॅम्पशेड २७० रुपयांना पडला. हा २७० चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे तो सारखा लागतो.

३१ मार्चपर्यंत ७० लॅम्पशेड प्रत्येकी ५०० रुपयांना गेले. विक्री ३५,००० रुपये. ठरलेली दलाली २० टक्के, म्हणजे ७,०००. दुकानदाराने एका प्रदर्शनात माल मांडला, त्याचे ७०० रुपये लावले. हमालीचे ६०० धरून ८,३०० रुपये कापले गेले आणि गटाच्या खात्यावर २६,७०० आले.

आता बैठकीत नेहमीची कुजबुज सुरू होते. आपल्या खिशातून २६,४०० गेले, आले २६,७००. महिनोन्‌महिने राबून तीनशे रुपये? अनेक गट इथेच खचतात आणि दुकानाचा नाद सोडतात. पण ३० लॅम्पशेड अजून त्या दुकानात आहेत, आणि ते गटाचे आहेत. २७० प्रमाणे त्यांची किंमत ८,१०० रुपये. खरा नफा ३०० अधिक ८,१००, म्हणजे ८,४०० रुपये. पडताळा हवा असेल तर एका नगावरून पाहा: ५०० मधून दलालीचे १००, प्रदर्शनाचे १० आणि पडताचे २७० गेले, उरले १२०. सत्तर नगांचे ८,४००.

शिल्लक मालाची किंमत २७० च का, हा प्रश्न दरवेळी येतो आणि त्यावर वेळ घालवावा असाच तो आहे. २४० धरली तर भाडं आणि हमाली फुकट गेल्यासारखी होते. माल मूलमध्ये असण्यापेक्षा नागपूरच्या दुकानात असणं महाग पडलं आहे, तो खर्च त्याच्या अंगावर चढलाच पाहिजे. ५०० धरली तर न झालेल्या विक्रीचा नफा आजच दिसतो: शिल्लक १५,००० आणि नफा १५,३०० रुपये. मग सदस्य तो वाटून घ्यायला बसतात, आणि वाटायला पैसेच नसतात. नियम सोपा आहे. माल दुकानात पोहोचेपर्यंतचा खर्च शिलकीत धरायचा. त्यानंतरचा, म्हणजे दलाली, प्रदर्शन, साठवणुकीचं भाडं, जाहिरात, हा विकण्याचा खर्च असतो. तो त्या वर्षीच्या नफ्यातून जातो, उरलेल्या मालावर चढत नाही.

या नियमाला एक अपवाद आहे आणि बांबूच्या मालात तो हमखास गाठतो. बांबू नीट प्रक्रिया न करता वापरला असेल तर त्यात भुंगा शिरतो. वस्तूखाली पिठासारखी पिवळसर भुकटी पडलेली दिसते आणि कांबीवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं असतात. अशा ५ लॅम्पशेडना समजा १५० च रुपये येणार असतील, तर दलाली जाऊन १२० उरतात. पडत २७० असली तरी ते १२० नेच धरायचे, कारण पडत आणि हाती येण्याजोगी रक्कम यांतली कमी असेल ती घ्यायची. शिल्लक ७५० रुपयांनी उतरते, नफा ७,६५० होतो. हे फोनवर विचारून कळत नाही. मार्चअखेर गटातल्या एकीने जाऊन माल उलटापालटा करून बघावा. येण्याजाण्याचं भाडं त्या ७५० पेक्षा कमीच पडेल.

दुकानदाराशी बोलताना दोन ठिकाणी पैसा गळतो. पहिली सवलत. दुकानदार दहा टक्के सूट देऊन लॅम्पशेड ४५० ला विकतो तेव्हा तो म्हणतो, आपण दोघांनीही सोसलं. पण त्याची दलाली १०० ची ९० होते, गटाचा नफा १२० चा ८० होतो. पन्नासातले चाळीस गटाने सोसले. म्हणून सूट द्यायची झाल्यास दलाली मूळ किमतीवर लागणार नाही, आणि ठरावीक किमतीच्या खाली गटाला विचारल्याशिवाय माल जाणार नाही, हे कागदावर हवं.

दुसरी गळती उधारीची. दुकानदार उधार विकतो आणि गिऱ्हाईक बुडवतं, तेव्हा साध्या दलालीत तो तोटा गटाचा. तो अंगावर घेण्यासाठी दुकानदार जादा दलाली मागतो. पुस्तकात तिला डेल क्रेडेअर म्हणतात. ती दोन टक्के असली, तरी वेगळं ठरलं नसेल तर ती नेहमी सगळ्या विक्रीवर धरली जाते, रोखीच्यासुद्धा. ३५,००० वर ७०० रुपये झाले. आणि उधारी ५,००० चीच असेल तर त्या पाच हजारांच्या राखणीला आपण ७०० मोजले, म्हणजे १४ टक्के. माझं मत स्पष्ट आहे: छोट्या गटाने जादा दलाली देऊ नये, ‘उधार विकायचं नाही’ एवढंच लिहून घ्यावं.

हिशेब मागायला संकोच करू नका. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २१३ प्रमाणे अभिकर्त्याने मागितल्यावर मालकाला नीट हिशेब द्यावाच लागतो. या विक्री हिशेबात किती नग, कोणत्या किमतीला, कोणता खर्च, किती दलाली आणि शिल्लक किती, एवढं हवं. उलट बाजूही माहीत असू द्या. कलम २२१ प्रमाणे आपली दलाली आणि खर्च मिळेपर्यंत दुकानदार माल अडवून ठेवू शकतो. त्याची हमाली थकवून माल परत मागायला गेलात तर रिकाम्या हाताने याल.

राहिली ती खालची किंमत, जी त्या कागदावर लिहायची आहे. २० टक्के दलाली देऊन हातात २७० उरायचे असतील, तर २७० ला ०.८ ने भागा: ३३७.५०. म्हणजे ३३८ रुपयांच्या वर जो काही भाव येईल, त्यात गटाचं काही बुडत नाही. उरलेले ३० परत मागवायचे तर भाडं गटाचंच, आणि ते शिलकीच्या किमतीत चढवताही येत नाही. ९०० रुपये भाडं पडलं तर नगामागे ३० गेले. त्यापेक्षा चांगल्या स्थितीतले २५ तिथेच ४०० ला काढायला सांगा. दलाली जाऊन प्रत्येकी ३२० येतील, आणि पुढचा माल ठेवायला फळी मोकळी होईल.